घरमालकास दुरुस्तीखर्चाच्या प्रतिपूर्तीचे मागणीपत्र

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या मागील घटकात आपण विनंतिपत्र आणि तक्रारपत्र हे दोन प्रकार अभ्यासले. विनंतिपत्रात लिहिणारा समोरच्याच्या इच्छेवर अवलंबून असतो, तर तक्रारपत्रात तो घडलेली गैरसोय सांगून थांबतो. या घटकातील मागणीपत्र या दोहोंहून वेगळे आहे. मागणीपत्र लिहिणाऱ्याला एक निश्चित रक्कम हवी असते, ती मागण्याचा त्याला हक्क आहे असे त्याचे म्हणणे असते, आणि तो हक्क त्याला पत्रातूनच दाखवून द्यावा लागतो.

उदाहरणासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील परिस्थिती घेऊ. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, दोन्ही तालुक्यांतील शाळांचे शिक्षक, आसनगावहून लोकलने रोज ये-जा करणारे नोकरदार अशी अनेक कुटुंबे येथे भाड्याने राहतात. घरमालक पुष्कळदा कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्यास राहतो. व्यवहार तोंडी असतो आणि भाडे महिन्याच्या महिन्याला पोहोचते. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी नळ ठरावीक वेळीच येतो आणि कुटुंबाचा दिवस टाकीत साठवलेल्या पाण्यावर निघतो. भिंतीतील नळ गळू लागला तर भिंत ओली होते, आणि त्याबरोबरच रात्रीतून टाकी रिकामी होऊन सकाळी घरात पाणी उरत नाही. मालकाला कळवूनही तो दाद देत नाही, तेव्हा भाडेकरू पदरचे पैसे घालून दुरुस्ती करून घेतो. ते पैसे परत मिळवण्यासाठी लिहायचे पत्र हा आपला विषय आहे.

२. मागणीला आधार कोणता?

पत्र लिहिण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते: ही दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक होते काय? तसे नसेल तर मागणीची विनंती होते. उत्तर तीन ठिकाणी सापडू शकते.

पहिले ठिकाण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हे आहे. त्याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर जागा राहण्याजोगी व सुस्थितीत ठेवण्यास घरमालक बांधील आहे. भाडेकरूने टपालाने किंवा अन्य रीतीने नोटीस बजावल्यावर पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वजा करू शकतो किंवा अन्य मार्गाने वसूल करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट किंवा वसुली त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक होता कामा नये. भाडेकरूने ठेवलेला हिशेब व पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो, असेही याच कलमात म्हटले आहे. हा नियम १९९९ मध्ये प्रथमच आला असे नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातही मालकावर दुरुस्तीचे बंधन घालणारे कलम होते.

हा अधिनियम राज्यातील प्रत्येक गावाला लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याला जोडलेल्या अनुसूचींत नमूद केलेल्या आणि पूर्वीचे भाडे कायदे ज्यांना लागू होते अशा क्षेत्रांतच तो चालतो. म्हणून शहापूर किंवा मुरबाड शहरातील घर आणि तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचे घर यांना एकच नियम लावून चालणार नाही. आपले गाव त्या क्षेत्रांत येते की नाही, हे वकिलाकडून किंवा तालुका विधी सेवा समितीकडून पत्रापूर्वीच जाणून घ्यावे.

दुसरे ठिकाण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ हे होय. भाडे नियंत्रण कायदा लागू नसेल तेथे त्यातील कलम १०८ उपयोगी पडते. मालक जी दुरुस्ती करण्यास बांधील आहे ती त्याने नोटिशीनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेपट्टेदार ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वजा करू शकतो किंवा अन्यथा वसूल करू शकतो. येथे पंधरा दिवसांचा आकडा नसून ‘वाजवी मुदत’ असे शब्द आहेत. पण हे कलम मालकाला सरसकट बांधील ठरवत नाही. बांधिलकी कराराने आलेली असावी लागते.

तिसरे ठिकाण म्हणजे तुमच्या हातातील करारपत्र. त्याचा मथळा आधी वाचा. ‘भाडेकरार’ आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ हे शब्द बोलण्यात आपण एकाच अर्थाने वापरतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते भिन्न संबंध दर्शवतात. कलम १४ भाडेकरूविषयी बोलते. लायसन्सवर राहणाऱ्याने त्या कलमाचा हवाला देऊन आपल्या मनाने रक्कम कापू नये. त्याने करारातील दुरुस्तीच्या अटीवरच बोट ठेवावे. अशा करारांत बहुधा ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने व मोठी दुरुस्ती मालकाने करावी’ अशा अर्थाचे वाक्य असते. नळाचा वायसर बदलणे किरकोळ ठरेल. भिंत फोडून गंजलेला पाइप बदलणे किरकोळ ठरवणे अवघड आहे. ही अट शब्दशः उतरवून घेऊन तुमचे काम तिच्या कोणत्या बाजूस पडते, हे पत्रात एका वाक्यात सांगावे.

३. पंधरा दिवस आणि वाहते पाणी

येथे एक खरी अडचण उभी राहते. कायदा पंधरा दिवस थांबायला सांगतो, आणि फुटलेला पाइप थांबत नाही. घाईत भाडेकरू त्याच दिवशी प्लंबर बोलावतो, सर्व काम उरकतो आणि नंतर बिल पाठवतो. असे केले तर कलम १४ ची पायरी चुकते, कारण मालकाला दुरुस्तीची संधीच मिळालेली नसते. काम कितीही आवश्यक असले तरी भाड्यातून परस्पर वजावट करणे मग धोक्याचे ठरते.

यावर उपाय म्हणजे कामाचे दोन भाग करणे. पहिला भाग पाणी थांबवण्याचा. टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा, गळक्या जागी क्लॅम्प बसवता येत असेल तर तो बसवावा आणि स्वयंपाकापुरते पाणी वेगळे भरून ठेवावे. याचा खर्च थोडा असतो आणि तो तूर्त स्वतः सोसावा. दुसरा भाग कायमच्या दुरुस्तीचा. पाणी थांबवले त्याच दिवशी मालकाला लेखी नोटीस पाठवावी आणि मुदत संपेपर्यंत कायमचे काम सुरू करू नये. दरम्यान मालकाने मोबाइलवर ‘करून घ्या, मी पैसे देतो’ असा संदेश पाठवला, तर मुदतीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही, कारण त्याची संमती लेखी स्वरूपात तुमच्या हाती आलेली असते.

मुदत मोजताना पुष्कळांचा गोंधळ होतो. पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस बजावली गेल्याच्या तारखेपासून. तुम्ही ती ज्या दिवशी लिहिली किंवा टपालात टाकली तो दिवस येथे उपयोगाचा नाही. म्हणूनच पोच देणारी टपालसेवा वापरावी आणि पोच जपून ठेवावी. योग्य पत्त्यावर, पुरेसे टपाल लावून, नोंदणी करून पाठवलेले पत्र बजावले गेले असे कायदा गृहीत धरतो. समोरच्याने ते घेण्यास नकार दिला तरी सामान्यतः तेच लागू होते.

४. बिघाड नेमका मांडणे

‘नळ गळतो’ हे वाक्य मालकाला पटत नाही, कारण त्यातून गळती कोठे आहे आणि कोणामुळे आहे हे कळत नाही. नळाची तोटी गळत असेल तर तो वापरातील झिजेचा भाग आहे. भिंतीतील पाइप गळत असेल तर तो घराच्या बांधणीचा भाग आहे. हा भेद घरच्या घरी ओळखता येतो.

रात्री सर्व तोट्या घट्ट बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. सकाळी कोणी पाणी वापरण्यापूर्वी पातळी पाहावी. पातळी उतरली असेल तर गळती नक्की आहे. दुसऱ्या रात्री टाकीतून घरात येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून तीच चाचणी घ्यावी. या वेळी पातळी तशीच राहिली तर टाकी ठीक असून दोष व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपमध्ये आहे, असा निष्कर्ष निघतो. तरीही पातळी उतरली तर दोष टाकीत किंवा व्हॉल्व्हपर्यंतच्या जोडणीत शोधावा लागतो. तोट्या कोरड्या असून भिंतीचा एकच पट्टा ओला राहत असेल, तर गळती भिंतीतील पाइपची आहे हे जवळजवळ निश्चित होते. या दोन रात्रींच्या नोंदी आणि ओल्या भिंतीची छायाचित्रे नोटिशीबरोबर जोडावीत. भिंत फोडल्यावर निघालेला गंजका तुकडा फेकून न देता ठेवून द्यावा. दोष जुनेपणाचा होता, तुमच्या हाताळणीचा नव्हे, हे तो तुकडा दाखवतो.

५. खर्चाची विभागणी

दुरुस्तीच्या काळात झालेला प्रत्येक खर्च हा दुरुस्तीचा खर्च नसतो. मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. पूर्वस्थिती आणण्यासाठी केलेले काम ही ‘दुरुस्ती’. पूर्वी नव्हती अशी सोय करणे ही ‘सुधारणा’. आणि बिघाडामुळे सोसावा लागलेला इतर तोटा हे ‘नुकसान’. भाड्यातून वजा करता येतो तो पहिल्या प्रकारचा खर्च. दुसरा प्रकार मालकाकडून मागू नये. तिसऱ्याची मागणी करायची असल्यास ती वेगळी व वेगळ्या आधारावर करावी. दुरुस्तीच्या बेरजेत ती मिसळली की सगळी बेरीज संशयास्पद होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मासिक भाडे ४,००० रुपये आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीतील जुना लोखंडी पाइप गंजून फुटला. नवा प्लास्टिकचा पाइप, एल्बो, टी व जोडणीचे साहित्य यांस २,४६० रुपये लागले. नव्या व्हॉल्व्हला ६२० रुपये, प्लंबरच्या दोन दिवसांच्या मजुरीला २,४०० रुपये, आणि भिंतीच्या प्लास्टरला, म्हणजे सिमेंट, रेती व गवंड्याची मजुरी मिळून, १,६५० रुपये लागले. एकूण ७,१३० रुपये झाले. प्लास्टर ही चैन नव्हे, कारण पाइपसाठी फोडलेली भिंत पूर्ववत करणे हा त्याच कामाचा भाग आहे. याच वेळी भाडेकरूने ४५० रुपयांची नवी, अधिक चांगली तोटी बसवली. जुनी चालू स्थितीत होती, म्हणून ही सुधारणा. पिण्याच्या पाण्याच्या जारसाठी ८४० रुपये गेले, ते नुकसान. या दोन्ही रकमा बेरजेबाहेर ठेवायच्या.

आता मर्यादा पाहू. वर्षाचे भाडे ४८,००० रुपये आणि त्याचा एक चतुर्थांश १२,००० रुपये. ७,१३० ही रक्कम मर्यादेत आहे. समजा, खर्च १५,२०० रुपये झाला असता, तर १२,००० रुपयांच्या वरचे ३,२०० रुपये त्या वर्षी वजा करता आले नसते.

पावत्यांविषयी एक सूचना. तालुक्याच्या ठिकाणी प्लंबर आणि गवंडी छापील बिल क्वचितच देतात. साध्या कागदावर तारीख, कामाचे वर्णन, दिवसांची संख्या, रक्कम आणि सही घेतली तरी चालते. ‘कामाचे पैसे मिळाले’ एवढेच लिहून घेऊ नये. कोणत्या घरातील कोणत्या कामाचे ते लिहिलेले असावे.

६. नमुना पत्र

पुढील पत्र वरील उदाहरणावर आधारलेले आहे. त्यातील व्यक्ती व तारखा कल्पित असून घर भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या क्षेत्रात आहे आणि संबंध भाडेकरूचा आहे, असे गृहीत धरले आहे.

> अ. ब. क.
> शहापूर, जि. ठाणे
> दिनांक : १० मार्च २०२५
>
> प्रति,
> श्री. य. र. ल. (घरमालक)
> कल्याण, जि. ठाणे
>
> विषय : स्वयंपाकघरातील पाइपच्या दुरुस्तीचा खर्च ७,१३० रुपये परत मिळण्याबाबत.
> संदर्भ : माझी दिनांक १४ फेब्रुवारी २०२५ ची नोटीस, आपणास १७ फेब्रुवारी २०२५ रोजी पोहोचलेली.
>
> स. न. वि. वि.
>
> मी आपल्या शहापूर येथील घरात दरमहा ४,००० रुपये भाड्याने राहतो. फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंतचे भाडे मी दिलेले आहे.
>
> दिनांक ३ फेब्रुवारी रोजी स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी झिरपत असल्याचे मी आपणास दूरध्वनीवरून कळवले. त्या वेळी “बघू” असे आपण म्हणालात. १० फेब्रुवारी रोजी मी छायाचित्रांसह मोबाइलवर संदेश पाठवला. त्यास उत्तर आले नाही. म्हणून १४ फेब्रुवारी रोजी मी नोंदणीकृत टपालाने लेखी नोटीस पाठवली. ती आपणास १७ फेब्रुवारी रोजी मिळाल्याची पोच माझ्याकडे आहे. नोटिशीतील पंधरा दिवसांची मुदत ४ मार्च रोजी संपली. त्या मुदतीत आपण दुरुस्ती केली नाही व मला काही कळवलेही नाही.
>
> या काळात सर्व तोट्या बंद असतानाही ५०० लिटरची टाकी एका रात्रीत सुमारे एक तृतीयांश उतरत होती. म्हणून ६ व ७ मार्च रोजी मी प्लंबर व गवंडी यांच्याकडून दुरुस्ती करून घेतली. भिंतीतील लोखंडी पाइप गंजून फुटलेला आढळला. त्याचा तुकडा मी जपून ठेवला आहे, तो आपण केव्हाही पाहू शकता.
>
> खर्च पुढीलप्रमाणे झाला.
> पाइप व जोडणीचे साहित्य : २,४६० रु.
> व्हॉल्व्ह : ६२० रु.
> प्लंबरची मजुरी, दोन दिवस : २,४०० रु.
> प्लास्टरचे साहित्य व गवंड्याची मजुरी : १,६५० रु.
> एकूण : ७,१३० रु. (अक्षरी सात हजार एकशे तीस रुपये)
>
> महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार ही रक्कम घरमालक या नात्याने आपल्याकडून मला मिळणे आहे. ती २५ मार्च २०२५ पर्यंत माझ्या बँक खात्यात जमा करावी. त्या तारखेपर्यंत ती न मिळाल्यास मी एप्रिल व मे या महिन्यांच्या भाड्यातून प्रत्येकी ३,५६५ रुपये वजा करीन आणि उरलेले प्रत्येकी ४३५ रुपये नेहमीच्या तारखेस आपणास पाठवीन. ही रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या, म्हणजे १२,००० रुपयांच्या आत आहे.
>
> हिशेबाबाबत काही शंका असल्यास २५ मार्चपूर्वी कळवावे. मूळ पावत्या दाखवण्यास मी तयार आहे.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
> अ. ब. क.
>
> सोबत : १. नोटिशीची प्रत व टपालाची पोच. २. चार पावत्यांच्या प्रती. ३. छायाचित्रे.

७. पत्राच्या भाषेचा विचार

हे पत्र साधे वाटते. त्यातील काही भाषिक निवडी मात्र जाणीवपूर्वक केलेल्या आहेत.

प्रथम ‘आपण’ हे सर्वनाम पाहा. मराठीत त्याचे दोन अर्थ नांदतात: एक आदरार्थी ‘तुम्ही’ आणि दुसरा बोलणारा व ऐकणारा या दोघांना कवेत घेणारा ‘आपण’. ‘दुरुस्ती आपण करायची असे ठरले होते’ या वाक्यातून मालक सहज म्हणू शकतो की खर्च दोघांनी मिळून करायचे ठरले होते. आदर सोडण्याची गरज नाही, परंतु जेथे जबाबदारी ठरवायची आहे तेथे ‘घरमालक या नात्याने आपण’ अशी जोड द्यावी. नमुना पत्रातील मागणीच्या वाक्यात ही जोड मुद्दाम ठेवली आहे.

दुसरी निवड क्रियापदांची. कार्यालयीन मराठीच्या सवयीने आपण ‘कळवण्यात आले’, ‘दुरुस्ती करण्यात आली’ असे लिहितो. अशा रचनेत कर्ता लुप्त होतो, आणि या पत्रात तर कोणी काय केले हाच मुद्दा आहे. म्हणून ‘मी कळवले’ आणि ‘आपण दुरुस्ती केली नाही’ असे कर्ता स्पष्ट दाखवणारे प्रयोग वापरले आहेत. ‘करून घेतली’ या संयुक्त क्रियापदाचा आणखी एक लाभ आहे. काम कारागिरांनी केले आणि ते सांगणारा व पैसे देणारा मी, या दोन्ही गोष्टी त्यातून एकाच वेळी कळतात.

तिसरी निवड विशेषणे गाळण्याची. ‘आपण हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले’, ‘आमचे अतोनात हाल झाले’ अशी वाक्ये मनातील संतापाला वाट देतात. पण ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द लिहिताच मालकाचा हेतू सिद्ध करण्याचे ओझे लिहिणाऱ्यावर येते, आणि कायद्याने तर त्याची अपेक्षाच केलेली नाही. नोटीस मिळाली आणि मुदतीत दुरुस्ती झाली नाही, एवढेच पुरेसे आहे. ‘बघू’ हा शब्द पत्रात जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत ठेवला आहे. ‘बघू’ म्हणजे होकारही नव्हे आणि नकारही नव्हे. ‘आपण नकार दिलात’ असे त्याचे भाषांतर केले असते तर मालकाला ते खोडून काढता आले असते. मूळ शब्द व त्याची तारीख मात्र खोडता येत नाही.

चौथी गोष्ट प्रत्ययांची. ‘२५ मार्चपर्यंत’ आणि ‘२५ मार्चपूर्वी’ यांत एका दिवसाचा फरक आहे. ‘पंधरा दिवसांत’ म्हणजे त्या अवधीच्या आत, तर ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे तो अवधी उलटल्यावर. नोटिशीत ‘पंधरा दिवसांनी दुरुस्ती करावी’ असे लिहिले गेल्यास मालकाला पंधरा दिवस काहीच न करण्याची मोकळीक मिळते. मुदतीच्या वाक्यात म्हणून शक्यतो तारीखच लिहावी.

८. पत्र पाठवल्यानंतर

भाडे देणे पूर्णपणे थांबवू नये, हे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. रागाच्या भरात दोन महिन्यांचे सगळे भाडे रोखणारा भाडेकरू आपल्या बाजूचा वाद स्वतःच बिघडवतो. हक्कापेक्षा अधिक कापलेली रक्कम ही थकबाकी ठरते, आणि थकबाकी हे घर खाली करून मागण्याचे एक कारण आहे. नमुना पत्रातील भाडेकरू वजावटीनंतरचे ४३५ रुपये न चुकता पाठवतो, ते याचसाठी. ती रक्कम रोख न देता बँकेतून पाठवावी आणि तपशिलात ‘एप्रिलचे भाडे, वजावटीनंतर’ असे लिहावे.

मालकाचे उत्तर आले आणि त्याने एखाद्या बाबीवर, उदाहरणार्थ प्लास्टरच्या खर्चावर, हरकत घेतली, तर उरलेल्या रकमेबाबत वाद नाही हे प्रथम लेखी नोंदवून घ्यावे. उत्तरच आले नाही आणि तुम्ही लायसन्सवर राहत असल्यामुळे वजावटीचा मार्ग खुला नसेल, तर वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. अशा पैशांच्या दाव्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. तेथे जाताना नोटीस, पोच, पावत्या आणि हे पत्र तारखेच्या क्रमाने लावून न्यावे. पत्र नीट लिहिलेले असेल तर वकिलाला घटनाक्रम वेगळा विचारावा लागत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. नोटीस ५ जून रोजी लिहिली, ६ जून रोजी टपालात टाकली आणि ९ जून रोजी मालकास मिळाली. पंधरा दिवसांची मुदत कोणत्या तारखेस संपेल?

२. मासिक भाडे ३,००० रुपये व दुरुस्तीखर्च १०,५०० रुपये असल्यास त्या वर्षी किती रक्कम वजा करता येईल?

३. ‘पाइप बदलण्यात आला असून आपण खर्च करायचा असे बोलणे झाले होते’ हे वाक्य मागणीपत्रास योग्य होईल असे पुन्हा लिहा.

उत्तरांसाठी दिशा : (१) मिळाल्याचा दिवस सोडून मोजल्यास २४ जून. (२) वार्षिक भाडे ३६,००० रुपये, म्हणून ९,००० रुपये. वरचे १,५०० रुपये त्या वर्षी वजा करता येणार नाहीत. (३) कर्ता स्पष्ट करा, ‘आपण’ची संदिग्धता काढा आणि बोलणे कोणत्या तारखेस झाले ते लिहा. उदाहरणार्थ : ‘मी पाइप बदलून घेतला. हा खर्च घरमालक या नात्याने आपण द्याल, असे आपण मला २ जून रोजी सांगितले होते.’